पन्नाशी जवळ आली की जुना निर्णय छळू लागतो, तेव्हा त्याची तपासणी कशी करायची

प्रश्न: "चार महिन्यांनी मला पन्नास पूर्ण होतील. पंचविसाव्या वर्षी पीएचडी अर्धवट सोडून मी विमा कंपनीत नोकरी धरली, आज तिथे वरच्या पदावर आहे. संसार ठीक आहे, मुलगा शिकायला बाहेर गेलाय. पण वर्षभर पहाटे तीनला जाग येते आणि डोक्यात एकच विचार, की आपण चुकीचं आयुष्य जगलो. नवरा म्हणतो, वयाचं आहे, जाईल. मला नोकरी सोडून परत संशोधनाकडे वळावंसं वाटतं. हे खरंच वयाचं आहे की मी तेव्हा चुकले?"

उत्तर:

सगळ्यात आधी पहाटे तीनच्या जागेबद्दल बोलू. पंचवीस वर्षांपूर्वीच्या निर्णयाचा विचार महिनाभर उशिरा केला तरी काही बिघडणार नाही. वर्षभर मोडलेल्या झोपेकडे मात्र याच आठवड्यात लक्ष द्यायला हवं.

तुमच्या वयात अशी जाग येण्यामागे बहुधा तीनपैकी एखादं कारण असतं, कधी दोन एकत्रही असतात. पहिलं कारण म्हणजे पाळी जाण्याचा काळ. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं डॉक्टर धरतात, पण त्याच्या आधीची काही वर्षं संप्रेरकं वरखाली होत असतात. रात्री घाम येतो, छातीत धडधडतं, एकदम गरम होतं आणि झोप उडते. या काळात मन नेहमीपेक्षा हळवं होतं, आणि ज्यांना पूर्वी कधी नैराश्य येऊन गेलंय त्यांना ते परत येण्याची शक्यता वाढते. दुसरं कारण थायरॉईड, ते एका रक्ततपासणीत कळतं. तिसरं कारण नैराश्य.

पहाटे जागं झालेल्या माणसाला वाटतं की आपल्याला विचारांनी उठवलं. पुष्कळदा आधी शरीर जागं होतं, आणि अंधारात पडल्या पडल्या मन हाताशी असलेला सर्वांत जुना, सर्वांत जड विषय उचलतं. यातलं तुमच्या बाबतीत काय होतंय ते ओळखायला दोन आठवडे एक साधी नोंद ठेवा. जाग आल्याक्षणी पहिल्यांदा काय जाणवलं, घाम, धडधड, लघवीची भावना की थेट विचारच, एवढं सकाळी एका ओळीत लिहायचं. पाळीच्या तारखाही त्यातच लिहा. ही वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. माझ्याकडे आलात तरी मी पहिल्या भेटीत हेच करायला सांगेन.

नैराश्य आहे की आयुष्याच्या मध्यावरची खंत, हे ओळखायची माझी एक पद्धत आहे. खंत एका जागी बसलेली असते. तुम्हाला पीएचडी सुटल्याचं दुःख आहे, पण मुलाचा फोन आला की बरं वाटतं, एखादं काम जमलं की समाधान वाटतं, आवडीचं काही वाचताना वेळ जातो. नैराश्यात ती खंत पसरत जाते. पीएचडीपासून सुरू झालेला विचार लग्नावर, आईपणावर, मैत्रिणींवर जातो, आणि शेवटी 'माझ्या हातून काहीच नीट झालं नाही' इथे येऊन थांबतो. आधी आवडणाऱ्या गोष्टींतली गोडी जाते, भूक बदलते, साधे निर्णय जड जातात, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज चालतं. असं असेल तर आधी उपचार घ्या आणि जुन्या निर्णयाचा विषय तोवर बाजूला ठेवा, कारण नैराश्यात केलेली आयुष्याची तपासणी कधीच खरी निघत नाही. आणि आपण नसलेलंच बरं असा विचार एकदाही आला, तर त्याच दिवशी घरात सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांना गाठा.

आता 'हे वयाचं आहे का' याबद्दल. या वयातल्या घालमेलीला 'मिडलाइफ क्रायसिस' हे नाव मिळालं ते 1965 मध्ये, एलियट जॅक्स या मनोविश्लेषकाच्या एका लेखामुळे. त्यांनी कलावंतांची आयुष्यं पाहून हे वळण पस्तिशीच्या आसपास येतं असं म्हटलं होतं. पुढे ते चाळिशीला आणि पन्नाशीला चिकटलं. 2008 मध्ये डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी बऱ्याच देशांतल्या पाहण्या एकत्र करून दाखवलं की लोक आपल्या समाधानाला जे गुण देतात, ते सरासरीने चाळिशीच्या उत्तरार्धात सर्वांत खाली जातात आणि पुढे पुन्हा वर येतात. तुमच्या यजमानांचं 'जाईल' हे म्हणणं त्यामुळे अगदीच निराधार नाही. पण ती सरासरी आहे. तो उतार लहान आहे, सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, आणि अलीकडच्या वर्षांत तरुणांची अस्वस्थता वाढल्यामुळे अनेक ठिकाणी तो आलेखच बदललाय. सरासरीवरून एका बाईच्या मनातलं कारण कळत नाही.

मला याहून उपयोगी वाटतं ते हानेस श्वांट या अर्थशास्त्रज्ञाचं काम. त्यांनी जर्मनीतल्या एका दीर्घकाळ चाललेल्या पाहणीचा आधार घेतला. त्यात लोकांना आज किती समाधानी आहात आणि पाच वर्षांनी किती असाल, हे दोन्ही विचारलं जात होतं, आणि त्याच माणसांना पाच वर्षांनी पुन्हा गाठलं जात होतं. तरुणपणी लोक पुढच्या समाधानाचा अंदाज फुगवून करतात, आणि उतारवयात तो गरजेपेक्षा कमी करतात, असं त्यातून दिसलं. मधल्या वर्षांत दोन्हीकडून मार बसतो. पंचविशीतल्या अपेक्षा पुऱ्या झालेल्या नसतात, आणि पुढेही काही बरं होणार नाही असं वाटायला लागलेलं असतं. हे मी भेटायला येणाऱ्यांना सांगते, कारण त्याने दुःखाची जागा कळते. तुम्हाला आजचं आयुष्य किती वाईट वाटतं आणि पंचविसाव्या वर्षी रंगवलेल्या चित्रापेक्षा ते किती वेगळं वाटतं, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. तुम्ही लिहिलेल्या सहा-सात वाक्यांत आजच्या नोकरीबद्दल एकही तक्रार नाही, याची मी नोंद घेतली आहे.

आकड्याचं म्हणाल तर पन्नासाव्या वाढदिवसाला शरीरात काहीच घडत नाही. पण गोल आकडा आला की माणूस हिशेब मांडायला बसतो, आणि तो बहुधा आदल्या वर्षीच बसतो. एकोणचाळीस आणि एकोणपन्नास या वयांत माझ्याकडे येणारे पुष्कळदा हातात मुदत असल्यासारखे बोलतात, 'पन्नासच्या आत ठरवायचंय'. ही मुदत कोणी घातली असं विचारलं की उत्तर नसतं. तुमच्या चार महिन्यांनाही तेच लागू आहे. ती मुदत आजच काढून टाका.

आता मुख्य गोष्ट, 'मी तेव्हा चुकले का' हा प्रश्न. आजच्या आठवणीवर विसंबून याचं खरं उत्तर मिळत नाही. त्याची कारणं मानसशास्त्राने बऱ्यापैकी उलगडली आहेत. एखाद्या गोष्टीचा शेवट माहीत झाला की तो आधीच दिसत होता असं आपल्याला वाटू लागतं, हे बारूख फिशहॉफ यांनी 1975 मध्ये प्रयोगांतून दाखवलं. थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी 1990 च्या दशकात पश्चात्तापावर काम केलं. ताज्या घटनांबाबत माणसाला केलेल्या गोष्टी जास्त बोचतात, पण मागे वळून सगळं आयुष्य पाहताना न केलेल्या गोष्टी जास्त बोचतात, असं त्यांना आढळलं. त्यामागचं एक कारण तुमच्या बाबतीत तंतोतंत लागू पडावं. ज्या भीतीने, ज्या अडचणींनी तेव्हा आपल्याला अडवलं, त्या वर्षांबरोबर पुसट होतात. मग 'एवढंसं तर होतं, का नाही केलं' असं वाटतं. दुसरं असं की, जगलेल्या आयुष्याचे खर्च आपल्याला पैसापैसा ठाऊक असतात. न जगलेल्या आयुष्याचा खर्चच कधी झालेला नसतो. त्या आयुष्यात मार्गदर्शक कधी त्रास देत नाहीत, शोधनिबंध परत येत नाहीत, पाठदुखी नसते.

म्हणून मी आठवणीऐवजी कागदावर काम करून घेते. ते कसं चालतं ते माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांच्या उदाहरणावरून सांगते. ओळख पटू नये म्हणून त्यांचे काही तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ सेहेचाळीस वर्षांचे होते, भूशास्त्र शिकलेले, सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत गुणवत्ता तपासणीचे प्रमुख. चोविसाव्या वर्षी त्यांना खनिज शोधणाऱ्या एका कंपनीने दूरच्या देशात क्षेत्रकामासाठी बोलावलं होतं. ते गेले नाहीत. वीस वर्षं ते स्वतःला सांगत होते, 'मी घाबरलो. गेलो असतो तर आज जगभर फिरलो असतो.'

पहिला कागद म्हणजे त्या दिवसाची नोंद. निर्णय घेतला त्या आठवड्यात काय माहीत होतं, हातात खरे पर्याय किती होते, कोणाची जबाबदारी होती, पैसे किती होते, हे सगळं त्या वेळच्या पुराव्यावरून लिहायचं. आठवतंय तसं लिहून चालत नाही. जुनी पत्रं, डायऱ्या, बँकेची पुस्तकं, तेव्हा जवळ असलेली माणसं, यांना विचारायचं. या गृहस्थांना कंपनीचं मूळ पत्र सापडलं. नेमणूक फक्त दोन वर्षांच्या कराराची होती, पुढचं कामावर अवलंबून. पहिले सहा महिने रजा नाही. आणि त्यांच्या बहिणीने आठवण करून दिली की त्याच महिन्यात वडिलांचं डायलिसिस सुरू झालं होतं, आठवड्यातून तीनदा, आणि घरात त्यांना नेणारं दुसरं कोणी नव्हतं. वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि त्यांच्या आठवणीतल्या निर्णयातूनही वडील जवळजवळ नाहीसे झाले होते. उरली होती फक्त 'मी घाबरलो' ही ओळ. तो कागद वाचताना ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, 'आज परत तेच झालं तरी मी हेच करेन.'

प्रत्येकाचा कागद असा दिलासा देणारा निघत नाही, हेही सांगते. काहींना दिसतं की पर्याय खरोखर होता, अडचण फार नव्हती, आणि आपण आळसाने किंवा कोणाच्या तरी धाकाने तो सोडला. तेव्हा ते तसंच मान्य करावं लागतं. निदान मग दुःख खऱ्या गोष्टीचं होतं, आणि खऱ्या दुःखाला कुठेतरी सीमा असते.

दुसरा कागद असतो न जगलेल्या आयुष्यातल्या एका साध्या दिवसाचा. यश मिळाल्याचा दिवस लिहायचा नाही. त्या वाटेवर गेलेला माणूस आज, याच वयात, कामाच्या दिवशी सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय करतो ते तासातासाने लिहायचं, आणि ते त्या क्षेत्रात प्रत्यक्ष असलेल्या कोणाकडून तपासून घ्यायचं. आमच्या गृहस्थांनी वर्गातल्या एका मित्राला फोन केला. तो मित्र अशाच कामावर गेला होता. त्याचं आयुष्य चांगलं चाललं होतं, पण वर्षातले कितीतरी महिने घरापासून लांब, आणि गेली काही वर्षं तर तो बहुतेक वेळ ऑफिसात बसून अहवाल तपासत होता. वय वाढलं की क्षेत्रकाम तरुणांकडे जातं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी हे वीस वर्षं झुरले, ती त्या वाटेवरच्या माणसाच्या हातातूनही सुटलेली होती.

तिसऱ्या कागदावर दोन रकाने. न झालेल्या गोष्टीतलं कायमचं संपलंय ते एका बाजूला, आणि अजून कोणत्यातरी रूपात शक्य आहे ते दुसऱ्या बाजूला. इथे सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो. संपलेलं संपलं असं लिहिणं जड जातं, पण ते लिहिल्याशिवाय दुसरा रकाना खरा होत नाही. मानसशास्त्रज्ञ कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासांत हेच पुन्हा पुन्हा दिसलं आहे की आवाक्याबाहेर गेलेलं उद्दिष्ट सोडता येणं आणि नवं उद्दिष्ट धरता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत आणि दोन्ही लागतात. नुसतं सोडलं की पोकळी उरते, आणि जुनं न सोडता नवं धरलं की नव्याची सतत जुन्याशी तुलना होत राहते. या गृहस्थांच्या पहिल्या रकान्यात परदेशातली कारकीर्द, त्या शिडीवरची पदं आणि विशीतलं अंग होतं. दुसऱ्या रकान्यात बऱ्याच खाडाखोडीनंतर एकच गोष्ट राहिली, ती म्हणजे उघड्यावर, दगडाला हात लावून केलेलं काम.

त्यानंतर चाचणी. लहान, ठरावीक मुदतीची आणि परत फिरता येईल अशी. त्यांनी आधी एका महाविद्यालयाच्या क्षेत्रसहलीत दहा दिवस मदतनीस म्हणून जायचं ठरवलं. जाऊन आल्यावर कळलं की मुलांना शिकवणं त्यांना आवडत नाही, पण संध्याकाळी नकाशे भरायला बसले की जेवायचंही भान राहत नाही. ही माहिती घरी बसून कधीच मिळाली नसती. मग त्यांनी कारखान्याच्याच चुनखडीच्या खाणीत नमुने घेण्याच्या कामावर आठवड्यातून दोन दिवस जायची परवानगी मागितली, सहा महिन्यांपुरती. पगार तोच, पद तेच. सहा महिन्यांनंतर त्यांनी ती व्यवस्था कायम करून घेतली. नोकरी सोडली नाही. आता पुन्हा विशीत असतो तर बरं, असं त्यांना अजूनही कधीकधी वाटतं, आणि ते वाटणं पूर्ण जाईल असं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

आता तुमच्याकडे वळते. पहिल्या कागदासाठी तुम्हाला शोधायच्या आहेत त्या गोष्टी या: पीएचडी सोडली तेव्हा ती नेमकी कुठवर आली होती, शिष्यवृत्ती किती महिन्यांची उरली होती, मार्गदर्शकांशी संबंध कसे होते, आणि त्या विषयात पुढे जागा किती निघत होत्या. तुमच्याबरोबर सुरुवात केलेल्या लोकांपैकी कोण पूर्ण करू शकले आणि कोण नाही, हेही शोधा. आपल्या मनात फक्त पूर्ण केलेले राहतात. त्या काळातली एखादी मैत्रीण असेल तर तिला विचारा, 'मी तेव्हा काय म्हणत होते?' तिचं उत्तर तुमच्या आठवणीपेक्षा बरंच वेगळं असू शकतं.

तिसऱ्या कागदावर स्वतःला नेमकं विचारा की संशोधनातलं काय हवंय. एखाद्या प्रश्नामागे महिनोन्‌महिने लागायचं आहे? त्या विषयाची माणसं हवी आहेत? नावामागे पदवी हवी आहे? की पंचविशीतली, अजून काहीही होऊ शकेल अशी ती मुलगी हवी आहे? चारही उत्तरं प्रामाणिक असू शकतात, पण त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. पदवी हवी असेल तर पन्नाशीत पीएचडी होते, नोकरी सांभाळूनही होते, फक्त त्यानंतर अध्यापनाची नवी कारकीर्द उभी राहील हे गृहीत धरू नका. प्रश्नामागे लागायचं असेल तर त्याला पदवीच लागते असं नाही. विम्याच्या व्यवसायात मृत्युदर, आजार, जोखीम यांची जी माहिती रोज तुमच्या हाताखालून जाते, ती पाहायला मिळावी म्हणून बाहेरचे संशोधक धडपडत असतात. आणि ती मुलगी हवी असेल तर ती कोणत्याच विद्यापीठात सापडणार नाही. ते दुःख आहे, आणि त्याला दुःखासारखाच वेळ द्यावा लागतो. मुलगा नुकताच घराबाहेर गेलाय, त्यामुळे त्याची धार आत्ता जास्त असणं स्वाभाविक आहे.

तुमची चाचणी अशी ठेवा. तुमच्या जुन्या विषयातले गेल्या पाच वर्षांतले दहा शोधनिबंध निवडा आणि तीन महिन्यांत ते नीट, टिपणं काढत वाचा. यासाठी आठवड्यातल्या दोन संध्याकाळी पक्क्या करा. चौथ्या-पाचव्या निबंधापर्यंत एक तर तुम्ही वाचायचं टाळू लागाल, किंवा मनात स्वतःचे प्रश्न उठू लागतील. टाळाटाळ झाली तर स्वतःला दोष देऊ नका, ओढ विषयापेक्षा त्या काळाची होती एवढंच त्यातून कळेल. प्रश्न उठू लागले तर ते घेऊन त्या क्षेत्रातल्या कोणालातरी भेटा.

तोवर नोकरीचा राजीनामा नको. झोप सुधारून सलग तीन महिने झाल्याशिवाय मी कोणालाच परत न फिरवता येणारा निर्णय घेऊ देत नाही, मग तो राजीनामा असो, घटस्फोट असो वा मोठं कर्ज. तीन महिन्यांनी चांगल्या झोपेनंतरच्या सकाळीही तीच इच्छा तेवढीच ठाम असेल तर पैशांचं गणित मांडायला बसू. पहाटे तीनला ठाम आणि दुपारी विरघळणारी इच्छा असेल, तर ती राजीनाम्याला पुरेशी नाही.

यजमानांशी बोलताना 'मी चुकीचं आयुष्य जगले' हे वाक्य टाळा. त्यांना त्यात स्वतःचं नाव ऐकू येतं, आणि मग ते 'वयाचं आहे' म्हणून विषय मिटवतात. त्यांना ठरावीक गोष्टी सांगा: 'मला झोप लागत नाही, मी डॉक्टरांकडे जाणार आहे, तुम्ही बरोबर या. आणि पुढचे तीन महिने मंगळवार-गुरुवारच्या संध्याकाळी मी वाचायला बसणार आहे, तेवढा वेळ घरातलं तुम्ही बघा.' डॉक्टरांकडे जाताना ती दोन आठवड्यांची वही त्यांच्याही हातात द्या.